दूध उतू जातंय: भरात आलेलं भांडण थांबवायचं कसं, मिटवायचं कसं

मागच्या मे महिन्यात माझी भिशी लागली. कपाटात ठेवलेले 15,000 रुपये यांनी मला न विचारता खानापूरला धाकट्या दिरांना मोटर दुरुस्तीसाठी देऊन टाकले. मला कळलं ते चार दिवसांनी, तेही दिरांच्याच फोनवरून. शहापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत रात्री ताटावर सुरू झालेलं भांडण दहा मिनिटांत पैसे सोडून माझ्या माहेरावर आणि यांच्या आईवर गेलं. सासूबाई पलीकडच्याच खोलीत होत्या.

अशा वेळी आधी बघायचं ते अंगाकडे. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा. 25 च्या वर गेले, म्हणजे मिनिटाला शंभरी ओलांडली, तर बोलणं थांबवायची वेळ झाली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या अंगाला यंत्रं लावून त्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवलं होतं. ठोके असे चढले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरेनासं होतं, हे त्यांचं निरीक्षण. पण भांडताना नाडी धरून कोण बसणार? म्हणून आपापली खूण ओळखून ठेवायची. माझे कान तापतात आणि प्रत्येक वाक्यात ‘नेहमीच’ यायला लागतं. यांचा आवाज उलट एकदम बारीक होतो.

मग थांबायचं, पण परत कधी बसायचं ते सांगून. नुसतं दार आपटून बाहेर गेलात तर मागे राहिलेल्याला ते टाकून गेल्यासारखं वाटतं आणि तो मागोमाग येतो. थांबायचे शब्द भांडण नसतानाच ठरवलेले बरे. आमचा शब्द आहे ‘दूध उतू जातंय’. त्या रात्री मी म्हटलं, "अहो, दूध उतू जातंय. साडेनऊला बसू." सासूबाई खरंच उठून गॅस बघून आल्या.

मधली वीस मिनिटं तरी लागतातच, कारण रक्तात चढलेली संप्रेरकं उतरायला तेवढा वेळ जातो. गॉटमन यांच्याच प्रयोगात काही जोडप्यांना मध्येच थांबवून, यंत्र बिघडलंय असं सांगून, अर्धा तास मासिकं चाळायला दिली. परत बोलायला बसले तेव्हा ठोके उतरलेले होते आणि बोलणंही निवळलेलं.

इथेच बहुतेकांचं चुकतं. तोंड बंद असतं, पण मनात भांडण चालूच राहतं: ‘आता आले की असं सुनावते.’ असं घोळवत राहिलं तर तासानंतरही ठोके तिथेच. बहिणीला फोन लावणं, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज लिहिणं हेही त्यातलंच. उशीवर बुक्के मारून राग निघत नाही. जोरात पळण्यानेही उतरेल याचा भरवसा नाही, कारण अंग आणखी तापतं. मी परात घेऊन तांदूळ निवडायला बसते. डोळे खड्यांवर लागले की डोक्याला दुसरं काही सुचत नाही. श्वास चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर सोडायचा. बाहेर सोडणं लांबलं की ठोके मंदावतात. हे गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश चालून येतात. गाडीची किल्ली मात्र घेऊ देत नाही.

ज्याने थांबवलं त्यानेच ठरल्या वेळी परत यायचं, नाहीतर तो अबोला होतो. अजून छाती धडधडत असेल तर तसं सांगून नवी वेळ द्यावी, पण एक दिवसाच्या पुढे नको.

परत बसल्यावर आधी स्वतःची चूक, नेमकी, आणि पुढे ‘पण’ न लावता. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. मी म्हटलं, "तुमच्या आईंना मध्ये ओढलं, ते चुकलं माझं." हे म्हणाले, "अगं, घरातलाच माणूस आहे की, असं वाटलं मला. तुझे पैसे होते, विचारायला हवं होतं." मी लगेच उत्तर दिलं नाही. ऐकलेलंच परत म्हणून दाखवलं: "म्हणजे भावाला नाही कसं म्हणायचं, ही अडचण होती तुमची?" तेव्हा कुठे कळलं, की वाफ्यात रोप वाळत होतं आणि दीर फोनवर रडले होते.

मग व्यवहार. 2,000 च्या वरची रक्कम एकमेकांना विचारूनच द्यायची, आणि दिरांनी तीन हप्त्यांत फेडायचं, असं ठरलं.

समोरचा हात उगारत असेल किंवा तुम्हाला त्याची भीती वाटत असेल, तर मात्र यातलं काही करत बसू नका. घरातून निघा, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 ला फोन करा.

दिरांचे पहिले 5,000 गणपतीत आले. बाकीचे अजून यायचेत.