हनुवटीखालच्या पुळ्या आणि पाळीची तारीख

चौतिसाव्या वर्षी जबड्याच्या कडेने दुखऱ्या, खोल पुळ्या यायला लागल्या. तोंड न येणाऱ्या, आठवडाभर ठसठसणाऱ्या. मी लिंबू-बेसन लावलं, अक्रोडाच्या स्क्रबने घासलं, दिवसातून चारदा तोंड धुतलं. त्वचा सोलपटली, चुरचुरायला लागली आणि पुळ्या आणखी लाल दिसू लागल्या.

मग तीन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या. दर वेळी पाळीच्या सात-आठ दिवस आधी सुरुवात, पाळी आली की उतार. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ते कॅलेंडर बघूनच सांगितलं, की हा हार्मोन्सचा परिणाम आहे. घासून तो जाणार नाही.

घासणं पूर्ण बंद केलं. दोनदाच सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, वर साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. रात्री पुळ्यांवरचं औषध, ०.१ टक्के अ‍ॅडापलीन जेल, वाटाण्याएवढं, पुळीवर टिपका म्हणून नाही तर जबड्याच्या सगळ्या पट्ट्यावर. आधी आठवड्यातून दोनदाच, कोरड्या चेहऱ्यावर, मॉइश्चरायझर लावून मग. मी उतावळेपणाने रोज लावलं तेव्हा ओठांच्या कडा सोलल्या. चार दिवस थांबून पुन्हा दोन रात्रींवर आले.

पहिल्या महिन्यात फरक नव्हता. तिसऱ्या पाळीआधी पाच-सहाऐवजी दोनच आल्या. डाग मात्र अजून आहेत.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अ‍ॅडापलीन नको. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या हार्मोन्सच्या विकाराची तपासणी आधी करून घ्या.