बिलात कापलेला टीडीएस आणि नंतरचा ताळमेळ

अंतर्गत सजावटीची कामे स्वतंत्रपणे घेऊ लागल्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये मी एका कंपनीला ६०,००० रुपये मानधन आणि १८ टक्के दराने १०,८०० रुपये जीएसटी असे ७०,८०० रुपयांचे बिल पाठवले, आणि महिनाअखेरीस खात्यात ६३,७२० रुपये जमा झाले. ७,०८० रुपये कुठे गेले, असे विचारल्यावर लेखा विभागाने 'टीडीएस कापलाय' एवढेच सांगितले.

कपात होणे बरोबरच होते, कारण आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम १९४जे प्रमाणे व्यावसायिक सेवेच्या मानधनातून १० टक्के कर कापून तो माझ्या पॅनवर भरणे देणाऱ्यावर बंधनकारक होते. रक्कम मात्र चुकली होती. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाचे २०१७ चे २३ क्रमांकाचे परिपत्रक सांगते. म्हणजे कपात ६,००० रुपयांची व्हायला हवी होती आणि मला ६४,८०० रुपये मिळायला हवे होते. ऑगस्टचा कर ७ सप्टेंबरपर्यंत भरायचा असल्याने चलन अजून भरले गेले नव्हते, म्हणून परिपत्रकाचा क्रमांक देऊन ईमेल केल्यावर उरलेले १,०८० रुपये आले. जादा कर एकदा भरला गेला असता, तर तो माझ्या नावे जमा दिसला असता खरा, पण परताव्यासाठी विवरणपत्रापर्यंत थांबावे लागले असते.

माझ्या वहीत हे बिल बँकेत ६४,८०० आणि 'येणे टीडीएस' या खात्यात ६,००० अशा दोन नोंदींनी मिटते. नवे लोक इथे हमखास घसरतात: हाती आलेल्या रकमेतून जीएसटी वजा करून उत्पन्न ५४,००० धरतात. उत्पन्न ६०,००० च असते, आणि १०,८०० हा जीएसटी आपला नसून पुढे भरायचा असतो.

'येणे टीडीएस' मात्र लगेच मिटवू नये. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे टीडीएस विवरण कंपनीने ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते, त्यामुळे आधी आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, म्हणजे तेव्हाचा फॉर्म २६एएस, रिकामा दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. नोव्हेंबरमध्ये मी तो उघडून बिलाशेजारी ठेवते आणि कलम, दिलेली रक्कम व कापलेला कर या तीन गोष्टी पाहते. दुसऱ्या एका ग्राहकाची नोंद तिथे आलीच नव्हती. त्यांनी पॅनमधले एक अक्षर चुकवल्यामुळे माझा कर भलत्याच खात्यावर गेला होता. ही चूक आपल्याला दुरुस्त करता येत नाही, कर कापणाऱ्यालाच सुधारित विवरण भरावे लागते, म्हणून नोंद दिसली नाही तर कर कापल्याचा दाखला, म्हणजे तेव्हाचा फॉर्म १६ए, आणि चलनाचा तपशील लेखी मागावा. मार्चच्या बिलांकडे विशेष लक्ष द्यावे: पैसे एप्रिलमध्ये आले तरी कंपनी कपात मार्चमध्येच दाखवू शकते, आणि ज्या वर्षी ते मानधन उत्पन्नात धरले जाते त्याच वर्षी त्या कराची वजावट मागायची असते.