फ्रीलान्स की नोकरी? आधी बारा महिन्यांचं पासबुक उघडा

पुण्यातल्या एका ग्राफिक डिझायनरचं उदाहरण धरू. वर्षभर ती फाइव्हर आणि अपवर्क या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर लोगो, पॅकेजिंग, सोशल मीडियाच्या पोस्ट असं काम करते आहे. आता एका एजन्सीकडून हातात ३८ हजार पगाराची ऑफर आली आहे. तिने वर्षाची कमाई बेरीज केली, ५ लाख ४० हजार भरली. म्हणजे महिन्याला ४५ हजार. मग नोकरी कशाला, असा साधा हिशेब तिने केला. तरीही जानेवारीत पोटात गोळा आला, तो का, हे या ४५ हजारांत दिसत नाही. ते दिसावं म्हणून पुढचा हिशेब करायचा. एक वही आणि एक संध्याकाळ पुरते.

१. पैसे खात्यात कधी आले, ते लिहा

प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डवरचे आकडे घेऊ नका, बँकेच्या पासबुकातले घ्या. डॅशबोर्डवरची रक्कम आणि हातातली रक्कम यांत कमिशनही असतं आणि दिवसही असतात. फाइव्हर प्रत्येक ऑर्डरमागे २० टक्के कापतं. अपवर्क करारानुसार १५ टक्क्यांपर्यंत घेतं, शिवाय कामासाठी प्रपोजल टाकायलाच कनेक्ट्स नावाचे टोकन विकत घ्यावे लागतात. ते मिळालेल्या कामात दिसत नाहीत, न मिळालेल्या कामांत गेलेले असतात.

दिवसांचं म्हणाल तर, फाइव्हरवर ५ जानेवारीला फाइल दिली आणि क्लायंट गप्प बसला, तर तीन दिवसांनी ऑर्डर आपोआप पूर्ण धरली जाते. त्यानंतर बहुतेकांचे पैसे १४ दिवस अडकून राहतात. म्हणजे २२ जानेवारी, आणि बँकेत यायला वर आणखी काही दिवस. अपवर्कच्या ठरीव रकमेच्या कामात क्लायंटला तपासायला १४ दिवस मिळतात, मंजुरीनंतर आणखी पाच दिवस थांबावं लागतं. अमेरिका-युरोपातले क्लायंट नाताळात सुट्टीवर गेले की डिसेंबरअखेर नवं काम येत नाही. त्याचा फटका पासबुकात जानेवारी-फेब्रुवारीत उमटतो.

आपल्या डिझायनरचे महिने, कमिशन जाऊन, हजारांत असे आहेत: एप्रिल ३८, मे ४४, जून २२, जुलै १९, ऑगस्ट ३५, सप्टेंबर ५२, ऑक्टोबर ११८, नोव्हेंबर ८६, डिसेंबर ४७, जानेवारी १६, फेब्रुवारी २४, मार्च ३९.

हे चढत्या क्रमाने लावले की मधला आकडा साडेअडतीस हजार येतो. म्हणजे निम्मे महिने त्याच्याही खाली. ४५ हजार हा आकडा ऑक्टोबर-नोव्हेंबरने वर ओढलेला आहे.

२. दोन्ही बाजू एका मापात आणा

नोकरीत सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि आरोग्य विमा कंपनी देते. फ्रीलान्समध्ये ते आपल्या खिशातून जातं. इथे महिन्याला ६ हजार धरू, तुम्ही स्वतःची बिलं काढून बघा. ४५ मधून ६ गेले, उरले ३९ हजार.

पगाराच्या बाजूला उलटं करायचं. हातात येणारे ३८ हजार हे पीएफ कापून आहेत. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जात असेल, तर १२ टक्क्यांनी तिचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० जमा होतात. हे पैसे तिचेच. म्हणजे नोकरी ४१,६०० ची झाली. कराचा प्रश्न इथे येत नाही. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. विवरणपत्र मात्र दोन्हीकडे भरा. पुढे घरासाठी कर्ज घ्यायचं असेल, तर नोकरदाराकडे बँक मुख्यतः पगारपत्रक बघते, फ्रीलान्सरकडे साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात.

३. खड्डा किती खोल जातो ते मोजा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पायरी ही, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

घरखर्च किमान २८ हजार आणि धंद्याचा खर्च ६ हजार, असे महिन्याला ३४ हजार लागतात. आता प्रत्येक महिन्यातून ३४ वजा करा आणि शिल्लक पुढे ओढत न्या. सुरुवात कोणत्या महिन्यापासून केली यावर चित्र बदलतं, म्हणून मुद्दाम सगळ्यात वाईट महिना निवडा. जानेवारीपासून धरलं तर शिल्लक उणे १८, मग उणे २८, मार्चअखेर उणे २३. एप्रिल-मेमध्ये थोडं सावरून उणे ९ वर येते, जूनमध्ये परत उणे २१ आणि जुलैअखेर उणे ३६ हजार. तिथून वर यायला ऑक्टोबर उजाडतो.

म्हणजे हे वर्ष जसंच्या तसं पुन्हा आलं तरी गाठीला ३६ हजार हवेतच. त्यावर मी पूर्ण दोन महिन्यांचा खर्च, ६८ हजार, धरेन. प्लॅटफॉर्मने खातं तपासणीसाठी थांबवलं किंवा मनगट दुखावलं, तर तेवढा वेळ हातात असावा. एकूण १ लाख ४ हजार. ही रक्कम बाजूला नसेल तर फ्रीलान्सचा विचार आत्ता नको.

४. सगळ्यात मोठा क्लायंट खोडून बघा

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पैशांत एकाच क्लायंटचे १ लाख ६० हजार होते. तो वजा केला तर वर्षाचे ३ लाख ८० हजार उरतात आणि खर्च आहे ४ लाख ८ हजार. म्हणजे त्या एका माणसावर घर चाललंय. त्याला प्लॅटफॉर्मच्या बाहेर घेऊन जाता येईल, असंही धरू नका. अपवर्कच्या नियमांप्रमाणे तिथे ओळख झालेल्या क्लायंटशी दोन वर्षं तिथूनच व्यवहार करावा लागतो, नाहीतर शुल्क भरून बाहेर पडावं लागतं. गुपचूप बाहेर पैसे घेतले तर खातं बंद होण्याची भीती.

५. नोकरीही तपासा

नोकरी गेली तर उत्पन्न एका दिवसात शून्य होतं, ही गोष्ट फ्रीलान्सवाल्यांना लक्षात असते, नोकरीवाल्यांना नसते. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये प्रोबेशन किती, त्या काळात कंपनी किती दिवसांच्या नोटिशीवर काढू शकते, हे वाचा. तिथे काम करणाऱ्या कोणाला तरी गाठून गेल्या वर्षात पगार कोणकोणत्या तारखांना झाला ते विचारा. छोट्या एजन्सीत क्लायंटचं बिल अडकलं की पगारही अडकतो. आणि बाहेरचं काम करण्यावर बंदी घालणारं कलम असेल, तर सही करण्याआधी जुन्या क्लायंटसाठी लेखी परवानगी मागा. तोंडी ‘चालतंय हो’ कामाचं नाही.

आपल्या डिझायनरकडे साठलेले आहेत ६० हजार. हवे होते १ लाख ४ हजार, आणि मोठा क्लायंट गेला तर घर चालत नाही. तिने ऑफर घ्यावी, परवानगी मिळाली तर दोन छोटे क्लायंट चालू ठेवावेत आणि त्यांचे पैसे घरखर्चात न मिसळता वेगळ्या खात्यात टाकावेत. वर्षभराने वही पुन्हा उघडायची. मोठा क्लायंट खोडूनही बेरीज ४ लाख ८ हजारांच्या वर जात असेल आणि त्या खात्यात १ लाख ४ हजार असतील, तर मग राजीनाम्याचं पत्र लिहायला हरकत नाही. फक्त ते डिसेंबरात देऊ नका.