एंडोर्स केलेलं बिल रिन्यू झालं की एन्ट्र्या कुठे चुकतात? या चुका टाळा

बारावीच्या अकाउंट्समध्ये बिल्स ऑफ एक्स्चेंजचं गणित आलं की बिल स्वतःकडे ठेवलंय किंवा बँकेत वटवलंय, एवढं पोरं बऱ्यापैकी सोडवतात, पण तेच बिल एखाद्या धनकोला एंडोर्स केलंय, मग डिसऑनर झालं आणि पुढे व्याज लावून रिन्यू झालं, असं आलं की दरवर्षी त्याच त्या जागा चुकतात. मी नाशिकला कॉलेज रोडला क्लास घेते, सिडकोची, पंचवटीची, ओझरची मुलं येतात, कॉलेजं वेगवेगळी, माध्यम वेगळं, पण चुका अगदी सारख्या. म्हणून एकच गणित घेऊन बसूया आणि ते शेवटपर्यंत नेऊया.

नावं आपली उदाहरणापुरती. पंकजचं भांडी बाजारात पितळी भांड्यांचं होलसेल दुकान आहे. त्याने 5 जानेवारीला सिन्नरच्या सुनीलला 30,000 रुपयांचा माल उधार दिला आणि त्याच दिवशी तीन महिन्यांचं बिल काढलं, सुनीलने ते स्वीकारून परत दिलं. पंकजला सातपूरच्या राजेंद्रशेठचे 30,400 रुपये द्यायचे होते, तर त्याने 10 जानेवारीला हेच बिल त्यांना एंडोर्स केलं, पूर्ण हिशोब मिटवून, म्हणजे 400 रुपये राजेंद्रशेठने सोडले. बिलाची मुदत 5 एप्रिलला संपते, वर तीन दिवस सवलतीचे, म्हणजे ड्यू डेट 8 एप्रिल. त्या दिवशी सुनीलने पैसे दिले नाहीत. राजेंद्रशेठने नोटरीकडे नोटिंग करून घेतलं, त्याचे 150 रुपये त्यांच्या खिशातून गेले. मग सुनील पंकजकडे आला, 10,000 रुपये आणि नोटिंगचे 150 रोख दिले, उरलेल्या रकमेवर दरसाल 12 टक्क्यांनी व्याज धरून 8 एप्रिललाच तीन महिन्यांचं नवीन बिल स्वीकारलं.

बिल्स रिसिव्हेबलला हात लावू नका

डिसऑनर म्हटलं की हात आपोआप "बिल्स रिसिव्हेबल खात्याला जमा" लिहितो, कारण पहिल्या प्रकारच्या गणितात तसंच असतं. पण इथे ते बिल पंकजकडे आहेच कुठे? 10 जानेवारीला एंडोर्स करताना आपण राजेंद्रचं खाते नावे टाकून बिल्स रिसिव्हेबल जमा केलेलं आहे, ते खाते तेव्हाच बंद झालं. आता पैसे थकल्यावर राजेंद्रशेठ उलटे फिरून पंकजकडे येणार, म्हणजे ते परत धनको झाले, आणि सुनील परत ऋणको झाला. एन्ट्री या दोघांतच व्हायची.

आपलं चुकलंय का हे ओळखायला सोपं आहे. बिल्स रिसिव्हेबलचं खाते पाडून बघा. तुम्ही ते दोनदा जमा केलं असेल तर नवीन 20,600 चं बिल आल्यावरसुद्धा (ही रकम कशी येते ते पुढे बघू) त्या खात्यात 9,400 ची जमा बाकी दिसेल. येणं असलेल्या बिलाला जमा बाकी राहूच शकत नाही, तिथेच थांबा आणि मागे जा.

सोडलेले 400 रुपये परत येतात

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण हुशार मुलांचीही होते. मागच्या वर्षी एका मुलीची वही बघत होते, सगळं सुंदर, अक्षर मोत्यासारखं, सुनीलचं खाते बरोबर टॅली झालेलं, आणि राजेंद्रच्या खात्यात 30,150 बाकी. ती म्हणाली, "मॅडम, बिल 30,000 चं, नोटिंग 150, बरोबर तर आहे की." मी विचारलं की राजेंद्रशेठने 400 का सोडले होते? तर बिल वेळेवर मिळेल या भरवशावर. बिलच बुडलं तर ती सूट कशाला राहील? ती रद्द होते आणि त्यांचं मूळ येणं 30,400 परत उभं राहतं.

म्हणून पंकजच्या वहीत 8 एप्रिलची एन्ट्री अशी पडते:

सुनीलचे खाते नावे 30,150
डिस्काउंट खाते नावे 400
राजेंद्रच्या खात्याला जमा 30,550

नीट बघा, 400 रुपये सुनीलच्या नावावर टाकलेले नाहीत. ती सूट पंकज आणि राजेंद्रशेठ यांच्यातली होती, सुनीलला तिचा पत्ताही नाही, त्यामुळे तिचा भुर्दंड पंकजचाच. नोटिंगचे 150 मात्र सुनीलवर जातात कारण दोष त्याचा. आणि पंकजच्या वहीत इथे रोख खाते येत नाही, 150 रुपये रोख राजेंद्रशेठने दिलेत, पंकजने नाही, हेही बरेचजण विसरतात.

राजेंद्रशेठच्या वहीत हेच उलटं: पंकजचे खाते नावे 30,550, आणि समोर बिल्स रिसिव्हेबल 30,000, डिस्काउंट 400, रोख 150 जमा. इथे बिल्स रिसिव्हेबल येणारच कारण बिल त्यांच्याकडे होतं. प्रश्न कोणाच्या वहीचा आहे ते आधी पेन्सिलने वर लिहून ठेवा, अर्धा गोंधळ तिथेच कमी होतो.

सुनीलच्या वहीत राजेंद्र येत नाही

सुनीलने बिल स्वीकारलं ते पंकजसाठी. पुढे पंकजने ते कोणाला दिलं, बँकेत टाकलं की कपाटात ठेवलं, सुनीलच्या वहीत त्याची नोंदच नसते. म्हणून डिसऑनरला सुद्धा बिल्स पेयेबल 30,000 आणि नोटिंग चार्जेस 150 नावे, आणि पंकजच्या खात्याला 30,150 जमा. बिल हातात धरून राजेंद्रशेठ उभे होते हे खरं, पण आपण हिशोबाला पंकजच धरतो, कारण रिन्यू करायची बोलणी त्याच्याशीच होणार आहेत.

व्याज कशावर, किती दिवसांचं आणि कोणाचं

इथे आकडे बघूनच कळतं की पोरगं कुठे घसरलं. बरोबर उत्तर 600 रुपये. सुनील 30,150 देणं लागत होता, त्यातले 10,150 त्याने दिले, उरले 20,000, त्यावर 12 टक्क्यांनी तीन महिन्यांचे 600. तुमचं उत्तर 900 आलं असेल तर तुम्ही दिलेले 10,000 वजा न करता पूर्ण बिलावर व्याज काढलंय. 2,400 आलं असेल तर दर वर्षाचा आहे हे विसरून व्याज तीन महिन्यांपुरतं केलंच नाही. 604.50 आलं असेल तर नोटिंगचे 150 बाकीतच ठेवलेत, इथे ते रोख मिळालेत म्हणून चूक, पण प्रश्नात ते दिलेच नसते आणि बाकीत धरायला सांगितलं असतं तर हेच 604.50 बरोबर ठरलं असतं. म्हणजे वाक्य वाचायचं, पाठ केलेली पायरी नाही.

सवलतीचे तीन दिवस नवीन बिलालाही मिळतात, 8 जुलै अधिक तीन म्हणजे 11 जुलै, पण व्याज काढताना आपण तीनच महिने धरतो, त्या तीन दिवसांचं व्याज लावत बसू नका.

व्याजाची एन्ट्री: सुनीलचे खाते नावे 600, व्याज खात्याला जमा 600. व्याज पंकजचं उत्पन्न आहे कारण थांबायला तोच तयार झालाय. काहीजण राजेंद्रच्या खात्याला 600 जमा करतात, "बिल त्यांच्याकडे होतं ना" म्हणून. पण राजेंद्रशेठने मुदत वाढवलेलीच नाही, त्यांना तर त्यांचे 30,550 आत्ता हवेत. पंकजने उशीर केला आणि त्यांनी वेगळं व्याज मागितलं तर ती वेगळी गोष्ट, प्रश्नात तसं लिहिलेलं असेल.

मग रोख नावे 10,150, सुनील जमा, आणि नवीन बिल्स रिसिव्हेबल नावे 20,600, सुनील जमा. "व्याजासह नवीन बिल" म्हटलंय म्हणून 20,600. "व्याज रोख देऊन" असं असतं तर बिल 20,000 चं आणि रोख 10,750. परीक्षेत या दोन शब्दांसाठी मार्क जातात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण बाकी सगळं येत असतं. एकदा सुनीलचं खाते पाडा: नावे बाजूला 30,000, 30,150 आणि 600, जमा बाजूला 30,000, 10,150 आणि 20,600, दोन्हीकडे 60,750. बाकी शून्य.

आणि राजेंद्रशेठचं काय?

सुनीलचं खाते शून्य झालं की मुलं पेन खाली ठेवतात. पण राजेंद्रच्या खात्यात 30,550 तसेच पडून आहेत! रिन्यू झालं ते पंकज आणि सुनीलमध्ये, त्याने राजेंद्रशेठचं देणं फिटलं नाही. पंकज चेक देऊ शकतो, नाहीतर नवीन 20,600 चं बिल परत त्यांनाच एंडोर्स करून वर 9,950 रोख देऊ शकतो. प्रश्न काही म्हणत नसेल तर 30,550 ही बाकी पुढे ओढायची, मनाने मिटवायची नाही.

धंद्यात असाल तर इथे अजून एक गोष्ट सांभाळा. जुनं बिल राजेंद्रशेठकडून परत घेऊन रद्द केल्याशिवाय सुनीलने नवीन बिलावर सही करू नये. तसं केलं तर बाजारात त्याच्या सहीचे एकाच मालाचे दोन कागद फिरतात आणि जुना कागद ज्याच्या हातात आहे तो स्वीकारणाऱ्याकडे, म्हणजे सुनीलकडे, पैसे मागू शकतो. पंकजनेही राजेंद्रशेठचे पैसे चुकते करून तो कागद आधी हातात घ्यावा, मगच नवीन काढावा.

समजा नवीन बिल पंकजने परत राजेंद्रशेठना एंडोर्स केलं आणि 11 जुलैला सुनीलने सगळे 20,600 भरले. आता पंकजच्या वहीत कुठली एन्ट्री? कुठलीच नाही. पैसे सुनीलकडून थेट राजेंद्रशेठकडे गेले, पंकजची दोन्ही खाती आधीच बंद आहेत. तरी दरवर्षी कोणीतरी तिथे "रोख खाते नावे 20,600" लिहून येतंच, आणि मग त्याच्या रोख बाकीत कधी न आलेले 20,600 जास्त दिसतात.