चिठ्ठ्या मांडून पाहा: फ्लूचा नवा विषाणू कसा जुळून येतो

स्वाइन फ्लूच्या विषाणूत पक्षी, डुक्कर आणि माणूस अशा तिघांचा वाटा आहे, हे २००९पासून आपण ऐकत आलोय. पण नेमकं काय मिसळतं आणि कुठे, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. तासगाव भागातल्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांकडून मी हे रंगीत चिठ्ठ्यांनी करून घेतो. एका तासात होतं, आणि पुढे फ्लूची बातमी वाचताना काय बघायचं ते कळतं. घरीही सहज जमेल.

चिठ्ठ्या तयार करा

चार रंगांचे कागद घ्या: हिरवा, पिवळा, गुलाबी, निळा. प्रत्येक रंगाच्या आठ चिठ्ठ्या कापा. आठच का, तर इन्फ्लुएन्झा ए या विषाणूची जनुकं एका अखंड धाग्यात नसतात, ती आठ सुट्ट्या तुकड्यांत असतात. सगळा खेळ या सुट्टेपणाचा आहे. गोवराच्या विषाणूचा धागा अखंड असतो, म्हणून त्याच्यात असली अदलाबदल होत नाही.

प्रत्येक रंगाच्या आठ चिठ्ठ्यांवर ही नावं लिहा: पीबी२, पीबी१, पीए, एचए, एनपी, एनए, एम, एनएस. पहिल्या तिघांची मिळून विषाणूच्या प्रती काढणारी यंत्रणा बनते. एचए म्हणजे पेशीला चिकटण्याचा अवयव. एनए नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवतो. 'एच१ एन१' या नावातले एच आणि एन हेच दोघे. बाकीच्या तिघांचं काम आत्ता पाठ करायची गरज नाही, फक्त एम लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

हिरव्या चिठ्ठ्या पक्ष्यांच्या विषाणूच्या, पिवळ्या माणसाच्या, गुलाबी अमेरिकेतल्या डुकरांमध्ये १९१८च्या सुमारापासून चालत आलेल्या विषाणूच्या, आणि निळ्या युरोप-आशियातल्या डुकरांच्या. या निळ्या विषाणूचे आठही तुकडे १९७९च्या सुमारास पक्ष्यांकडूनच डुकरांत आले होते. त्यामुळे प्रत्येक निळ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका द्या.

दोन संच एकाच पेशीत आणा

आता एक ताटली ठेवा. ही ताटली म्हणजे एक पेशी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दोन विषाणू एकाच गावात, एकाच गोठ्यात, अगदी एकाच जनावरात असून भागत नाही. दोघंही एकाच वेळी एकाच पेशीत शिरावे लागतात. तसं झालं तर पेशीच्या आत दोघांच्या आठ-आठ तुकड्यांच्या प्रती एकत्र तयार होतात.

मायणीच्या तलावावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या आतड्यात एखादा फ्लूचा विषाणू असू शकतो. सांगलीतल्या एखाद्याच्या घशात त्याच दिवसांत माणसाचा फ्लू असतो. पण त्यांची गाठ पडणं अवघड, कारण एचएला पेशीवर पकडायला टोकाला सायलिक आम्ल असलेली साखरेची साखळी लागते आणि त्या आम्लाची जोडणी दोन प्रकारची असते. पक्ष्यांच्या विषाणूला एक जोडणी मानवते, माणसाच्या विषाणूला दुसरी. आपल्या नाका-घशात दुसऱ्या प्रकारची भरपूर असते, पहिली मुख्यतः फुफ्फुसाच्या खोल भागात. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही सापडतात. म्हणून डुकराला मिसळणीचं भांडं म्हणायची पद्धत पडली. मात्र हे काम एकट्या डुकराचंच, असं समजू नका. लावा पक्ष्यातही दोन्ही जोडण्या असतात, आणि माणसातही अशी मिसळण होऊ शकते.

नाणं उडवा

ताटलीत हिरवा आणि पिवळा संच टाका. नवा विषाणू बांधताना पीबी२ कुणाचा घ्यायचा? छापा आला तर हिरवा, काटा आला तर पिवळा. असं आठ वेळा करा. प्रत्येक नावाची एकच चिठ्ठी घ्यायची, दोन पीबी२ आणि शून्य एनए असं चालत नाही. विषाणूतही साधारण असंच होतं, कारण प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना त्याची ओळख सांगणारे संकेत असतात आणि त्यावरून आठ वेगवेगळे तुकडे एका कणात बांधले जातात.

एकूण २५६ जुळण्या शक्य आहेत. त्यातल्या दोन म्हणजे मूळचेच विषाणू, उरलेल्या २५४ नव्या. हे ऐकून मुलं घाबरतात. पोल्ट्रीवाल्या घरातला एक जण मला म्हणाला, "सर, मग रोज नवीन रोग यायला पाहिजे की!" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढच्या पायरीत.

न चालणाऱ्या जुळण्या बाजूला काढा

नाणं विषाणूपेक्षा उदार आहे. खऱ्या पेशीत बहुतेक जुळण्या लंगड्या निघतात. टोकांचे संकेत एकमेकांशी जमत नसतील तर तुकडे नीट बांधलेच जात नाहीत. प्रती काढणाऱ्या यंत्रणेचे भाग वेगवेगळ्या घरचे असले तर ती रेंगाळते. पक्ष्याच्या आतड्यात तापमान ४० अंशांच्या आसपास, आपल्या नाकात ३३च्या जवळपास, आणि पक्ष्याचा पीबी२ थंड नाकात सहसा मंद चालतो. एचएची पकड घट्ट आणि एनएची कात्री बोथट, असं झालं तर नवे विषाणू पेशीलाच चिकटून बसतात.

हिरवा एचए आला असेल तर आणखी एक अट. त्याला माणसाची जोडणी पकडता आली पाहिजे. १९५७ आणि १९६८च्या साथींत पक्ष्यांकडून आलेल्या एचएमध्ये अमिनो आम्लांच्या साखळीतल्या २२६ आणि २२८ या दोन जागांवर बदल झाले होते, तेव्हा कुठे तो माणसांत पसरू शकला. म्हणजे चिठ्ठी नुसती बदलून भागत नाही, नंतर तिच्यावर थोडं खोडून लिहावंही लागतं.

आता शिफ्ट आहे का ते ठरवा

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली की लगेच अँटिजेनिक शिफ्ट म्हणू नका. अदलाबदल माणसाच्याच दोन विषाणूंतही होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शिफ्ट तेव्हा, जेव्हा लोकांच्या शरीराने सहसा न पाहिलेला एचए माणसांत पसरायला लागतो. कधी त्याच्यासोबत एनएही नवा असतो. १९५७मध्ये एचए, एनए आणि पीबी१ असे तीन तुकडे पक्ष्यांकडून आले आणि एच१ एन१चा एच२ एन२ झाला. १९६८मध्ये एचए आणि पीबी१ दोनच बदलले, म्हणून एच३ एन२. एन२ तोच राहिला. दरवर्षी लस बदलावी लागते ते मात्र वेगळ्या कारणाने. तिथे चिठ्ठी तीच असते, तिच्यावरची अक्षरं हळूहळू बदलतात. त्याला ड्रिफ्ट म्हणतात.

२००९चा विषाणू मांडा

हा या खेळाचा खरा भाग, वेळ काढून करा. तीन फेऱ्या लागतील.

पहिली फेरी, अमेरिकेतली डुकरं, १९९८च्या सुमारास. पिवळे एचए, एनए आणि पीबी१ घ्या. हिरवे पीबी२ आणि पीए. गुलाबी एनपी, एम, एनएस. तिन्ही रंग एका ओळीत आले. पिवळ्या पीबी१ला हिरवा ठिपका द्या, कारण तो माणसात १९६८ साली पक्ष्यांकडूनच आला होता.

दुसरी फेरी, तीच डुकरं, पुढची वर्षं. पिवळा एचए काढा, गुलाबी एचए ठेवा. एच३चा आता एच१ झाला.

तिसरी फेरी. एनए आणि एम काढा, निळे ठेवा. युरोप-आशियातल्या डुकरांचा विषाणू इथे भेटला. ही गाठ मेक्सिकोतल्या डुकरांत पडली असं नंतरच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं.

मोजून पाहा: हिरव्या दोन, पिवळी एक, गुलाबी तीन, निळ्या दोन. हाच तो विषाणू. ऑगस्ट २००९मध्ये पुण्यात देशातला त्याचा पहिला मृत्यू नोंदला गेला आणि इकडे साताऱ्या-सांगलीतही तोंडाला रुमाल आले. तोवर तो माणसाकडून माणसाला होत होता, डुकराशी संबंध कधीच सुटला होता. पीबी२ हिरवा असूनही तो आपल्या नाकात चालला, कारण दहाएक वर्षं डुकरांत राहून त्याने सोयीचे बदल करून घेतले होते.

आता एक खोच. माणसांत २००९च्या आधीही एच१ एन१ फिरतच होता. मग नवं काय? गुलाबी एचए १९१८पासून डुकरांत फारसा न बदलता राहिला, तर माणसातला एच१ ड्रिफ्ट होत होत खूप दूर गेला. क्रमांक सारखा, पण शरीराला अनोळखी. याचा पडताळाही मिळाला. साठीपुढच्या बऱ्याच जणांच्या रक्तात लहानपणच्या जुन्या एच१ने बनवलेली प्रतिपिंडं उरली होती, आणि त्या वयात लागण कमी झाली. तरुण जास्त सापडले. तेव्हा बातमीत नुसता क्रमांक वाचून 'जुनाच आहे' म्हणू नका.

निळी एम चिठ्ठी आल्याने काय फरक पडला? अमँटाडिन हे जुनं औषध एमच्या एका प्रथिनावर चालतं. निळ्या एममध्ये त्याला दाद न देणारा बदल आधीच होता, म्हणून २००९च्या विषाणूवर ते पहिल्या दिवसापासून फोल ठरलं. ऑसेल्टामिविर एनएवर काम करतं, ते चाललं.

प्रयोगशाळेला पहिला संशय कसा येतो

एप्रिल २००९मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांवर हे घडलं. एम तुकड्यावरची चाचणी म्हणाली, इन्फ्लुएन्झा ए आहे. माणसातल्या एच१ आणि एच३च्या चाचण्या म्हणाल्या, आमचा नाही. 'ए आहे, पण प्रकार लागत नाही' हीच धोक्याची खूण. मग आठही तुकड्यांचा क्रम वाचतात आणि प्रत्येक तुकड्याची वंशावळ वेगळी काढतात. आठही वंशावळी एकाच घराण्याकडे गेल्या तर मिसळण नाही. एचए एकीकडे आणि एनए दुसरीकडे गेला तर आहे. नुसता एचए वाचून हे कळत नाही.

बातमीवर वापरून पाहा

फेब्रुवारी २००६. नंदुरबारच्या नवापूरमध्ये कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लूचा एच५ एन१ निघाला. ताटलीत काय ठेवाल? आठही हिरव्या. कोंबड्यांत साथ म्हणजे शिफ्ट नव्हे. पुढे कधी एखाद्या माणसाला कोंबडीकडून तो झाला तरी चिठ्ठ्या हिरव्याच असतात. त्याच माणसाला त्याच आठवड्यात नेहमीचा फ्लूही झाला, तर मात्र ताटलीत दुसरा रंग येतो.

म्हणून शेडवर काम करणाऱ्याने दरवर्षीची फ्लूची लस घ्यावी. ती बर्ड फ्लू अडवत नाही, पण पिवळा संच त्याच्या शरीरात येण्याची शक्यता कमी करते. ताप-खोकला असेल तर त्याने कोंबड्यांकडे आणि डुकरांकडे जाऊच नये, कारण माणसाचा फ्लू डुकरांनाही होतो. कोंबड्या आणि डुकरं एका कुंपणात ठेवू नका, दोघांचं पाणी वेगळं ठेवा, आणि रानपक्षी बसतात त्या तळ्याचं पाणी शेडला थेट वापरू नका. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.