चेक परत येतो तो तारीख, रक्कम आणि खाडाखोडीमुळे: या चुका टाळा

खात्यात पैसे असूनही चेक परत येतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा कागदावर असतो. तुम्ही चेक तुमच्या बँकेत भरता, पण तो मंजूर करायचा की परत पाठवायचा हे चेक देणाऱ्याची बँक ठरवते. आणि सीटीएस म्हणजे चेक ट्रंकेशन सिस्टीम या चेक वटवण्याच्या पद्धतीत तिच्याकडे मूळ कागद जातच नाही, फक्त स्कॅन केलेली प्रतिमा जाते. समोरच्या बाजूची करड्या छटांची प्रतिमा 100 डीपीआयची, म्हणजे इंचाला 100 ठिपक्यांची असते. तुमच्या हातात स्पष्ट दिसणारा गिरवलेला आकडा त्या प्रतिमेत काळा डाग दिसू शकतो. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला हा बदल खातेदाराने केला की दुसऱ्या कोणी, हे कळायला मार्ग नसतो.

म्हणूनच खाडाखोडीचा नियम कडक आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2010 च्या सूचनेनुसार सीटीएसमधून जाणाऱ्या चेकवर नाव, आकड्यातली रक्कम किंवा अक्षरी रक्कम बदलता येत नाही, त्यासाठी नवा चेकच लिहावा लागतो. ‘खोडलं तर शेजारी सही करा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. पण नाव आणि रकमेच्या बाबतीत तो इथे उपयोगाचा नाही, सही पूर्ण असली तरीही. सूट आहे ती फक्त तारखेच्या दुरुस्तीला, तीही चेक देणाऱ्याच्या पूर्ण सहीने. आमचं मत विचाराल तर तिथेही नवाच चेक मागा, कारण काही बँका तारखेतली खाडाखोडही परत पाठवतात.

एक उदाहरण घ्या. चौकटीत 1,15,000 लिहिलंय आणि अक्षरी ‘एक लाख पन्नास हजार फक्त’. कायद्यात याचं उत्तर आहे: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 18 प्रमाणे अक्षरी रक्कम ग्राह्य. तरी बँक दीड लाख देऊन मोकळी होत नाही. ‘अक्षरी व आकडी रक्कम जुळत नाही’ असा मेमो लावून चेक परत करते, कारण खातेदाराला खरोखर किती द्यायचे होते याची तिला खात्री नसते. आता ‘पन्नास’वर ‘पंधरा’ गिरवलं, तर तोच चेक खाडाखोडीसाठी परत येईल. देणाऱ्याने अक्षरी रक्कम आधी लिहावी आणि ती वाचत वाचत आकडे भरावेत, म्हणजे ही गल्लत सहसा होत नाही.

चेक मराठीत लिहिलेला चालतो, मात्र आकडे 1, 2, 3 असेच लिहिलेले बरे. देवनागरी १ घाईत 9 सारखा आणि ४ हा 8 सारखा वाचला जातो, आणि चेक पाहणारा अधिकारी मराठी वाचणारा असेलच असं नाही. ‘दीड लाख’, ‘साडेतीन हजार’ असं न लिहिता पूर्ण रक्कम लिहा.

तारखेत दोन टोकं आहेत. पुढची तारीख असेल तर चेक त्या दिवसाआधी भरू नका. चुकून भरला आणि परत आला, तर तारीख आल्यावर तोच चेक पुन्हा भरता येतो. दुसरं टोक मुदतीचं: 1 एप्रिल 2012 पासून चेक लिहिलेल्या तारखेपासून तीनच महिने चालतो. जानेवारीत सवयीने मागचं वर्ष लिहिलं जातं आणि कालच हातात पडलेला चेक कागदोपत्री वर्षभर जुना ठरतो. घेतानाच आठही चौकटी वाचा, वर्षाच्या चार नीट पाहा. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

चेक बँकेत भरताना त्याच्या पुढच्या बाजूला स्वतः पेन लावू नका, अस्पष्ट आकडा ‘नीट करायला’ही नाही. देणाऱ्याच्या संमतीशिवाय केलेला महत्त्वाचा बदल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 87 खाली चेकच रद्दबातल करतो. तुमचं नाव, खाते क्रमांक आणि फोन मागच्या बाजूला लिहा. शिक्का तारीख, रक्कम किंवा सहीवर येऊ देऊ नका. फिकट शाई स्कॅनमध्ये उठत नाही, त्यामुळे चेक देणाऱ्याला गडद शाईचं पेन वापरायला सांगा.

चेक परत आलाच तर आधी रिटर्न मेमोवरचं कारण वाचा. रक्कम जुळत नसेल किंवा खाडाखोड असेल, तर तोच चेक पुन्हा भरण्यात अर्थ नाही. जुना परत करा आणि नवा घ्या. तारीख उलटली असेल तर देणाऱ्याकडून पूर्ण सहीने नवी तारीख टाकून घेता येते, पण शक्य असेल तर इथेही नवाच चेक मागा. 50,000 किंवा त्याहून मोठ्या रकमेचा नवा चेक असेल, तर देणाऱ्याने पॉझिटिव्ह पेमध्ये, म्हणजे दिलेल्या चेकचा तपशील आपल्या बँकेला आधीच कळवण्याच्या सोयीत, जुन्या चेकचा तपशील नोंदवला असल्यास त्याला नवा चेक क्रमांक, तारीख आणि रक्कम पुन्हा नोंदवायला सांगा, कारण जुन्या चेकची नोंद नव्याला लागू होत नाही.