जालियनवाला बागेचे दोन अहवाल वर्गात वाचताना या चुका टाळा

तथ्य, मत आणि पूर्वग्रह वेगळे कसे करायचे, हे शिकवायला १३ एप्रिल १९१९ ची अमृतसरची घटना फार उपयोगी पडते. दोन्ही बाजूंचे लिखाण उपलब्ध आहे. एकीकडे जनरल डायरने वरिष्ठांना पाठवलेले अहवाल आहेत, तर दुसरीकडे काँग्रेसच्या चौकशी समितीचा मार्च १९२० चा अहवाल. या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर होते. प्रत्येक अहवालातून आठ-दहा ओळींचे उतारे घ्या आणि तथ्य, मत, पूर्वग्रह यांना वेगवेगळे रंग द्यायला मुलांना सांगा. पाठाला दोन तासिका लागतातच, एकात उरकायला गेलात तर फक्त रंगकाम होते.

पहिली चूक म्हणजे अख्ख्या वाक्याला एकच रंग देणे. एकाच वाक्यात तथ्य आणि मत अनेकदा गुंतलेले असते. समितीने लिहिले की, मुलांसह पूर्णपणे निर्दोष व निःशस्त्र माणसांवर थंड डोक्याने केलेले हे अमानुष कृत्य होते आणि त्याच्या क्रौर्याला आधुनिक ब्रिटिश कारभारात तोड नाही. विद्यार्थी हे वाक्य सरसकट ‘मत’ म्हणून रंगवतात. पण ‘मुले होती’ आणि ‘निःशस्त्र होते’ हे दोन दावे साक्षीपुराव्याने तपासता येतात. ‘निर्दोष’ हा निवाडा आहे, ‘तोड नाही’ हे मत आहे. म्हणून रंग देण्याआधी वाक्य पेन्सिलीने तोडायला लावा आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारा: हे खोटे असेल, तर ते कशाने सिद्ध होईल? ज्या तुकड्याला उत्तर मिळते, तो तपासण्याजोगा दावा. तो लगेच तथ्य ठरत नाही, तपासात टिकला तरच ठरतो.

दुसरी चूक आकड्यांची. आकडा दिसला की मुले ‘तथ्य’ लिहून मोकळी होतात. डायरने जमाव सुमारे ५,००० चा सांगितला, काँग्रेस समितीने किमान २०,००० चा. हे दोन्ही अंदाजच. उलट १,६५० गोळ्या झाडल्या हा आकडा वापरलेल्या काडतुसांचा आहे आणि तो खुद्द गोळीबार करणाऱ्याकडूनच आला आहे. मृतांबाबत डायरचा अंदाज २०० ते ३०० होता, काँग्रेसचा सुमारे १,०००. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीने ३७९ धरले. हा आकडा सेवा समिती या समाजसेवी संस्थेने काही महिन्यांनी नावे गोळा करून काढला होता. लष्करी कायद्याच्या दहशतीनंतर किती घरांनी पुढे येऊन नाव सांगितले असेल? म्हणून ३७९ ही खालची मर्यादा समजायची. वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘कोणी मोजला, कसा, कधी’ असा रकाना हवाच.

इथेच काही मुले दोन आकड्यांची सरासरी काढतात, ‘खरे मधेच कुठेतरी असेल’ म्हणून. त्यांना थांबवा. मधल्या आकड्यामागे कसलाच पुरावा नसतो.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते: ‘डायर पक्षपाती, म्हणून त्याचा अहवाल बाद.’ त्याचे दोन अहवाल शेजारी ठेवा. १४ एप्रिलला तो लिहितो की आपली तुकडी लहान होती, कचरलो असतो तर हल्ला झाला असता, म्हणून लगेच गोळीबार केला. २५ ऑगस्टच्या अहवालात तो म्हणतो की प्रश्न केवळ जमाव पांगवण्याचा राहिला नव्हता, सगळ्या पंजाबवर पुरेसा नैतिक परिणाम घडवायचा होता. घटना तीच, लिहिणारा तोच, पण कारण बदलले. हे मुलांना स्वतःहून सापडू द्या, घाई करून सांगू नका. दुसरे विधान तर लिहिणाऱ्याच्याच अंगाशी येणारे आहे. पुढे हंटर समितीसमोर तिचे सदस्य चिमणलाल सेटलवाड यांनी विचारले, तेव्हा चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर बहुधा मशीनगनही वापरल्या असत्या, असे त्याने कबूल केले. त्याचा अहवाल फेकून दिला असता, तर हा पुरावाही गेला असता.

हाच निकष काँग्रेस अहवालालाही लावा, नाहीतर मुले आपल्या बाजूचे लिखाण न तपासता स्वीकारायला शिकतील. नेत्यांच्या सुटकेच्या प्रश्नावरून काँग्रेसने हंटर समितीवर बहिष्कार टाकला होता, म्हणजे काँग्रेसची स्वतःची समिती तटस्थ नव्हती. मात्र तिने १,७०० हून अधिक साक्षी तपासून सुमारे ६५० छापल्या, त्यामुळे तिचे दावे पडताळता येतात. बाजू घेणे आणि पुरावा दडवणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडी अडली, म्हणजे सगळे उतारे ‘पूर्वग्रह’ रंगाने भरले, तर रंग बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या बाबींची यादी करायला सांगा: डायरनेच गोळीबाराचा हुकूम दिला, तो सुमारे दहा मिनिटे चालला, पांगण्याची सूचना आधी दिली नव्हती. ही यादी झाली की मगच उरलेल्या ओळींकडे वळा.